विचारले दोन प्रश्न, छापली चार उत्तरे

जुलै २००१ मध्ये अमेरिकेतल्या बाल आणि किशोर मानसोपचाराच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बावीस लेखकांची नावे त्यावर होती. विषय होता किशोरवयीन मुलांमधले नैराश्य आणि त्यावरचे पॅरॉक्सेटिन हे औषध. ‘स्टडी ३२९’ या नावाने हे संशोधन पुढे इतके गाजले, की त्याबद्दल स्वतंत्र पुस्तके निघाली आणि खटलेही झाले. तरी त्यातली मुख्य गोम कळायला ना वैद्यकीय पदवी लागते, ना गुप्त कागदपत्रे. निबंधाच्या सुरुवातीला जो गोषवारा असतो, तो एकदा सावकाश वाचला तरी ती दिसते.

या प्रयोगाची मुख्य मोजमापे दोन आहेत, असे गोषवाऱ्यातला पद्धतीचा परिच्छेद सांगतो. त्यांच्या जोडीला आणखी पाच मोजमापांची नावे येतात. मग येतो निष्पत्तीचा परिच्छेद. औषध घेतलेल्या मुलांमध्ये चार मोजमापांवर लक्षणीय सुधारणा दिसली, असे तो सांगतो. या चारांत ती दोन मुख्य मोजमापे नाहीत. त्यांचे काय झाले याबद्दल तिथे चकार शब्द नाही. आणि चारांपैकी पहिले मोजमाप तर पद्धतीच्या परिच्छेदातल्या यादीत स्वतंत्रपणे आलेलेच नाही. एवढे झाल्यावर निष्कर्षाची ओळ येते: औषध सर्वसाधारणपणे सोसवते आणि ते परिणामकारक आहे.

प्रश्न एक, चाचणी दुसऱ्याच गोष्टीची आणि निकाल तिसऱ्याच गोष्टीचा. संशोधनातला हा घोळ इतका सर्रास आढळतो, की बहुतेकांच्या नजरेला तो खुपतही नाही. स्टडी ३२९ मध्ये तो आकड्यांसकट उघडा पडला आहे, म्हणून त्याच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

प्रयोगाची आखणी चांगली होती. अमेरिका आणि कॅनडातल्या बारा केंद्रांवर २७५ मुलामुलींचे तीन गट केले. एका गटाला पॅरॉक्सेटिन दिले, दुसऱ्याला इमिप्रामिन हे जुने औषध आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. आठ आठवड्यांनी मोजमाप घ्यायचे होते. त्यासाठी हॅमिल्टन मोजपट्टी वापरली. झोप, भूक, उदासी, अपराधीपणा अशा अनेक बाबींना गुण देऊन त्यांची बेरीज करतात. बेरीज जितकी जास्त तितके नैराश्य गंभीर.

प्रयोग सुरू होण्याआधी लिहिलेल्या आराखड्यात मुख्य प्रश्न दोन होते. आठ आठवड्यांत हॅमिल्टनचे एकूण गुण प्लासिबोच्या तुलनेत जास्त उतरतात का, हा पहिला. दुसरा प्रश्न ‘प्रतिसाद’ देणाऱ्या मुलांचे प्रमाण जास्त आहे का, हा. प्रतिसादाची व्याख्याही लिहून ठेवली होती: गुण ८ किंवा त्याहून खाली यावेत, नाहीतर मुळातल्या गुणांच्या निम्म्याने तरी कमी व्हावेत. दोनांपैकी एक अट पुरी झाली तरी ते मूल प्रतिसाद देणारे. याशिवाय दुय्यम प्रश्न सहा होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. पॅरॉक्सेटिनच्या गटात गुण सरासरी १०.७ ने उतरले, प्लासिबोच्या गटात ९.१ ने. हे आकडे २०१५ साली मूळ नोंदी पुन्हा तपासून काढलेले आहेत, पण मूळ निबंधातही या मोजमापावर औषधाला यश नव्हतेच. फरक दीड गुणाच्या आसपासचा, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र जरा थांबायला हवे. निबंधातल्या टक्केवारीवरून मुलांची संख्या काढता येते. पॅरॉक्सेटिनच्या ९० मुलांपैकी ६० जणांनी प्रतिसाद दिला, म्हणजे ६६.७ टक्के. प्लासिबोच्या ८७ पैकी ४८ जणांनी, म्हणजे ५५.२ टक्के. औषधाचे पारडे थोडे जड दिसते खरे. पण औषधात काडीचाही दम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात अकरा होती. या शक्यतेला संख्याशास्त्रात पी-मूल्य म्हणतात. ती शंभरात पाचांपेक्षा कमी असेल तरच फरक मानायचा, अशी रूढ मर्यादा आहे. इथे आकडा ०.११, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थीच.

आता व्याख्येतली एक अट काढून टाकली तर काय होते ते पाहा. ‘निम्म्याने कमी’ ही अट वगळून फक्त ‘८ किंवा खाली’ एवढीच ठेवली, तर पॅरॉक्सेटिनच्या गटात ६० ऐवजी ५७ मुले उरतात. प्लासिबोच्या गटात ४८ वरून ४०. औषधाच्या गटातली तीन मुले गळाली, प्लासिबोतली आठ. टक्केवारी झाली ६३.३ विरुद्ध ४६.० आणि पी-मूल्य ०.११ वरून ०.०२ वर उतरले. गळतीतल्या पाच मुलांच्या फरकाने ‘नाही’चे ‘हो’ झाले. गोषवाऱ्यातल्या निष्पत्तीत पहिले मानाचे स्थान मिळाले ते याच अर्ध्या मोजमापाला.

यात कोणी आकडे बनवले नाहीत. ५७ आणि ४० ही संख्या खरीच आहे. ‘८ किंवा खाली’ हा निकषही वेडगळ नाही. लक्षणे जवळपास निघून जाणे म्हणजे काय हे ठरवायला डॉक्टर तसाच निकष वापरतात. हरकत वेगळी आहे. आराखड्यात विचारलेला प्रश्न हा नव्हता. दोन अटींचे एक मोजमाप ठरवले, ते नापास झाले, आणि त्याचाच पास झालेला तुकडा वेगळा काढून दाखवला. उलट घडले असते, ‘निम्म्याने कमी’ हा तुकडा पास झाला असता, तर निबंधात तो आला असता. वाचकाला ही दुसरी वाट कधी दिसत नाही, कारण छापून फक्त एकच वाट येते.

अशा वाटा किती होत्या, याचा हिशेब जुरैडिनी, मॅकहेन्री आणि मॅन्सफील्ड या तिघांनी २००८ मध्ये मांडला. मूळ आराखड्यातली दोन मुख्य आणि सहा दुय्यम अशी आठही मोजमापे नापास झाली होती. त्यांच्याशिवाय निदान एकोणीस मोजमापे तपासली गेली. एकूण २७ पैकी चार पास. एकमेकांशी संबंध नसलेल्या २७ चाचण्या एखाद्या निरुपयोगी गोळीवर केल्या, तर त्यातली निदान एक तरी योगायोगाने पास होण्याची शक्यता शंभरात पंचाहत्तर असते. इथे चार पास झाल्या, म्हणजे काहीतरी तथ्य असेलच ना, असे कोणी म्हणेल. पण ही मोजमापे एकमेकांपासून सुटी नाहीत. पास झालेल्या चारांपैकी दोन, वेगवेगळ्या मोजपट्ट्यांतली का होईनात, ‘उदास मनःस्थिती’ या एकाच बाबीची आहेत. एक वर गेले की दुसरे बरोबर जाणारच. एकाच माणसाने चार खिडक्यांतून डोकावले म्हणून घरात चार माणसे आहेत असे होत नाही.

मूळ लेखकांचे म्हणणे असे, की जादाची मोजमापे गटांची गुपिते उघडण्याआधीच ठरली होती. हे सिद्ध झाले असते तर वादाची बरीच धार बोथट झाली असती. आराखडा वाटेत बदलणे हा गुन्हा नाही. मात्र बदल लिहिलेला हवा, त्यावर तारीख हवी आणि ती आकडे डोळ्यांसमोर येण्याआधीची हवी. २०१५ मध्ये फेरतपासणी करणाऱ्यांना आराखड्यात किंवा त्याच्या दुरुस्त्यांमध्ये ही मोजमापे सापडली नाहीत.

मग नीट करायचे म्हणजे नेमके काय करायचे? सरावलेला संख्याशास्त्रज्ञ प्रत्येक परिकल्पनेसाठी एक आडवी ओळ आखतो. त्या ओळीत सुरुवातीला दावा एका वाक्यात: पॅरॉक्सेटिनने गुण प्लासिबोपेक्षा जास्त उतरतात. पुढे मोजमाप आणि वेळ: हॅमिल्टनची एकूण बेरीज, आठव्या आठवड्याला. पुढे कोणाची तुलना कोणाशी. त्यानंतर मधेच औषध सोडून गेलेल्या मुलांचे काय करायचे, त्यांचा शेवटचा गुण पुढे ओढायचा की दुसरी काही रीत. ही बाब क्षुल्लक वाटते, पण निकाल फिरवायला ती एकटी पुरते. मग एक चाचणी, तिच्या नावानिशी, आणि एक मर्यादा. शेवटचा रकाना निकालाचा. तो मोकळा असतो आणि प्रयोग संपल्यावर त्यात एकदाच लिहायचे असते.

मुख्य परिकल्पना दोन असल्या, तर ओळींच्या खाली आणखी एक वाक्य लागते: औषध जिंकले असे म्हणायला दोन्ही पास व्हायला हव्यात, की एक पुरे? एक पुरे असेल तर दोनदा नाणे उडवायची संधी मिळते, म्हणून मर्यादा कडक करावी लागते. सगळ्यात साधी रीत म्हणजे ०.०५ चे दोन समान वाटे करून प्रत्येकीला ०.०२५ द्यायचे. दोन्ही हव्या असतील तर प्रत्येकीला ०.०५ ची मर्यादा चालते. हे वाक्य आधी लिहिले नाही, तर एक पास आणि एक नापास झाल्यावर लेखकाला सोयीचा अर्थ लावायला मोकळे रान मिळते.

निकालाच्या रकान्यात काय लिहायचे, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. प्रयोग लहान असेल तर पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते. तेव्हा निव्वळ पी-मूल्यावर न थांबता फरकाचा पल्ला पाहावा लागतो. स्टडी ३२९ च्या आराखड्यात हॅमिल्टनवर ४ गुणांचा फरक पकडता यावा, अशा बेताने मुलांची संख्या ठरवली होती. प्रत्यक्ष फरक १.६ चा निघाला, आणि ढोबळ हिशेब केला तर खरा फरक शून्याच्या जरा खालपासून चारच्या जवळपास कुठेही असू शकतो. म्हणजे रकान्यात लिहायचे ते असे: दावा सिद्ध झाला नाही, अपेक्षित धरलेला चार गुणांचा फायदा असण्याची शक्यता फार कमी, एखाद्या गुणाचा किरकोळ फायदा असेलही, तो या प्रयोगाने ठरत नाही. असे वाक्य जाहिरातीला उपयोगाचे नाही, पण डॉक्टरांना औषध लिहून देताना आणि पालकांना ते मुलाला देताना नेमके हेच माहीत असायला हवे होते.

कंपनीला हे कळत नव्हते असेही नाही. १९९८ मधला एक अंतर्गत कागद पुढे बाहेर आला. परिणामकारकता सिद्ध झाली नाही असे विधान करणे व्यापारी दृष्टीने परवडणारे नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी अठरा वर्षांखालच्या नैराश्यग्रस्त मुलांना हे औषध देऊ नये असे बजावले. २०१२ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी तीन अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यातल्या आरोपांपैकी एक, हे औषध मुलांसाठी बेकायदा खपवल्याचा होता. २०१५ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीने मूळ आराखड्यातल्या ओळी धरून सगळे आकडे पुन्हा मांडले. एकाही ठरलेल्या मोजमापावर औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. उलट आत्महत्येच्या विचारांसह गंभीर त्रास औषधाच्या गटात जास्त आढळले.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. आराखड्याबाहेर जाऊन आकडे चाळूच नयेत, असे कोणी म्हणत नाही. ‘८ किंवा खाली’ या निकषावर फरक दिसला, तर तो निबंधात जरूर सांगावा, पण वेगळ्या मथळ्याखाली, शोधक विश्लेषण म्हणून, एकूण किती मोजमापे चाळली ते सांगून. पुढच्या प्रयोगात तीच मुख्य परिकल्पना होऊ शकते. नवी मुले, नवे आकडे आणि आधीच लिहिलेली एक ओळ. ज्या आकड्यांनी कल्पना सुचवली, त्याच आकड्यांनी ती सिद्धही झाली असे म्हणता येत नाही.

आराखडा आधी जाहीर करायची सक्ती झाली की किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस आणि रक्त संस्थेने पैसा पुरवलेले ५५ मोठे प्रयोग कॅप्लान आणि अर्विन यांनी २०१५ मध्ये तपासले. २००० सालापूर्वी प्रसिद्ध झालेल्या ३० प्रयोगांपैकी १७ मध्ये मुख्य मोजमापावर फायदा दिसला होता. २००० नंतरच्या २५ पैकी फक्त दोनांत. या काळात बदललेली एक ठळक गोष्ट म्हणजे मुख्य मोजमाप सार्वजनिक नोंदवहीत आधीच नोंदवणे. बाकी कारणेही असतील, पण इतकी घसरण औषधेच अचानक निकामी झाल्यामुळे झाली असेल, हे पटण्यासारखे नाही.

नोंद करून भागत नाही, हेही दिसले आहे. ब्रिटिश डॉक्टर बेन गोल्डॅकर यांच्या गटाने २०१५ च्या ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने पाच आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांतले ६७ प्रयोग त्यांच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहिले. फक्त नऊ प्रयोग शब्दाला जागले होते. बाकीच्यांत मिळून साडेतीनशेहून अधिक ठरलेली मोजमापे गायब होती आणि जवळपास तितकीच नवी, न सांगता घुसवलेली. गटाने ५८ निबंधांबद्दल संपादकांना दुरुस्तीची पत्रे पाठवली, त्यातली २३ छापून आली.

भारतात २००७ पासून अशी नोंदवही आहे आणि २००९ च्या जूनपासून औषधांच्या प्रयोगांची तिथे नोंद सक्तीची आहे. तिच्या संकेतस्थळावर कोणीही जाऊन एखाद्या प्रयोगाचे मुख्य मोजमाप आणि त्याची वेळ वाचू शकतो, आणि नंतर छापलेल्या निबंधाशी ताडून पाहू शकतो. पुण्या-मुंबईतल्या रुग्णालयांत चालणारे प्रयोगही तिथे सापडतात.

पण महाराष्ट्रात या रोगाची जास्त घरगुती आवृत्ती दिसते ती शिक्षणशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या प्रबंधांत. पहिल्या प्रकरणात परिकल्पना, तिसऱ्यात पद्धती, चौथ्यात विश्लेषण. तिन्ही प्रकरणे वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली, आणि एकमेकांशी त्यांची गाठ पडते ती बहुधा बाइंडिंगवाल्याकडे. समजा, एका प्रबंधाची परिकल्पना अशी आहे: कृतियुक्त पद्धतीने भूमिती शिकवल्यास विद्यार्थ्यांची संपादणूक आणि विषयाची गोडी वाढते. संपादणूक वाढली आणि गोडी तशीच राहिली, तर निकाल काय लिहायचा? ‘आणि’ने जोडलेल्या या दोन परिकल्पना आहेत. त्या सुट्या कराव्या लागतात, किंवा दोन्ही वाढल्या तरच दावा मान्य असे आधी लिहावे लागते.

त्याहून दबकी चूक विश्लेषणाच्या प्रकरणात असते. प्रायोगिक गटाच्या पूर्वचाचणीची आणि उत्तरचाचणीची तुलना टी-चाचणीने केली, फरक सार्थ निघाला. नियंत्रित गटाची तशीच तुलना केली, फरक सार्थ निघाला नाही. म्हणून नवी पद्धत श्रेष्ठ. हे विधान वरवर चोख वाटते, पण परिकल्पना दोन गटांमधल्या फरकाबद्दल होती आणि त्या फरकाची चाचणी कुठेच झालेली नाही. एका गटाचे पी-मूल्य ०.०४ आणि दुसऱ्याचे ०.०७ असेल, तर दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखीच असू शकते. करायची चाचणी एकच होती: प्रायोगिक गटाची वाढ नियंत्रित गटाच्या वाढीशी थेट ताडून पाहायची. मग मुलगे-मुली, ग्रामीण-शहरी, इंग्रजी-मराठी माध्यम अशी कोष्टके लागतात. त्यांच्या परिकल्पना पहिल्या प्रकरणात नसतात, आणि शेवटच्या प्रकरणात मात्र त्यांच्यावरून शिफारशी असतात.

निकालाच्या वाक्यातही सवयीचा एक शब्द अडचण करतो. ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे’ असे प्रबंधांत सर्रास लिहिले जाते. तीस-तीस मुलांचे दोन गट आणि त्यातून सार्थ फरक न निघणे, एवढ्यावर दोन पद्धती सारख्याच आहेत असे ठरत नाही. ‘त्याग करता आला नाही’ हे बरोबर, आणि शेजारी फरकाचा पल्ला दिला तर वाचकाला कळते, की पद्धती खरोखर सारख्या आहेत की वर्गच लहान होता.

मार्गदर्शकाला हे सगळे तोंडी परीक्षेआधी तासाभरात तपासता येते. पहिल्या प्रकरणातल्या परिकल्पनांना क्रमांक द्यायचे, चौथ्या प्रकरणातल्या प्रत्येक कोष्टकाच्या डोक्यावर तोच क्रमांक लिहायचा. एका क्रमांकाला दोन कोष्टके आली तर कोणते निर्णायक ते विचारायचे. एखाद्या क्रमांकाला कोष्टकच नसेल, तर ती परिकल्पना तपासली गेली नाही असे निष्कर्षात लिहायला सांगायचे. आणि ज्या कोष्टकांना क्रमांक मिळत नाही, ती उचलून ‘अन्य निरीक्षणे’ या मथळ्याखाली ठेवायची. बहुतेक प्रबंधांत सगळ्यात जाड गठ्ठा याच मथळ्याखाली जमेल.